थैली, लाख आणि पाचवं पाकीट

मतदानाच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी मंडपात मतदान केंद्राच्या साहित्याची थैली हातात पडली की नवखा माणूस यादी वरून खाली वाचायला लागतो. पेन्सिल एक, टाचण्या पंचवीस, रबरबँड वीस, सुतळी वीस मीटर. शेजारी दुसरा मतदान अधिकारी खरंच टाचण्या मोजत बसतो आणि चोवीस भरल्या की त्याचा चेहरा पडतो. मला विचाराल तर ती यादी खालून वर वाचावी. उद्या रात्री, डोळे मिटत असताना, जमा करायच्या टेबलावरचा बाबू ज्या क्रमाने वस्तू मागणार आहे, त्या क्रमाने. पंचविसावी टाचणी कुणी मागत नाही. धातूची मोहर मात्र तो हात पुढे करून मागतो आणि ती नसली की तुमच्याकडे असा पाहतो, जणू तुम्ही ती मोडीत विकून रसवंतीवर रस पिऊन आलात.

तर थैलीत सर्वांत आधी तीच शोधायची. केंद्राध्यक्षाची ही मोहर म्हणजे लाखेवर उमटवायचा ठसा. ती शर्टाच्या खिशात ठेवायची नाही, कारण वाकलं की पडते. रुमालात गुंडाळून थैलीच्या तळाशीही नको, कारण उद्या तिची पाच-पन्नास वेळा गरज पडणार. नाड्याला बांधून गळ्यात घालणारे लोक आहेत. दिसायला ते बैलाच्या घंटेसारखं दिसतं, पण त्यांची मोहर हरवत नाही. तिच्याशेजारी यादीत बाण-फुलीचा रबरी शिक्का असतो. तो प्रदत्त मतपत्रिकांसाठी, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय हे कळल्यावर खऱ्या मतदाराला जी कागदी मतपत्रिका देतात तिच्यासाठी. बहुतेक केंद्रांवर तो दिवसभर बेकार बसतो, पण जमा करताना मोहरेइतकाच मान मागतो.

मग आकडे. मत मोजून ठेवणारं कंट्रोल युनिट, मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट, मताची चिठ्ठी छापणारी व्हीव्हीपॅट, तिघांवर नंबर असतात. ते आपल्या कागदावरच्या नंबरांशी तिथेच, मंडपात, टेबलासमोर उभं राहून जुळवायचे. गाडीत बसून जुळवले आणि एक आकडा वेगळा निघाला, तर एसटी तोवर तालुक्याची वेस ओलांडून गेलेली असते. व्हीव्हीपॅट मात्र तिथे चालू करून पाहायचा मोह आवरायचा. तिच्या मागचा नॉब आडवा म्हणजे प्रवासात, उभा म्हणजे कामात. प्रवासात तो आडवाच हवा.

हिरवी कागदी सील ही या खेळातली खरी सासू. समजा चार मिळाली, नंबरांचे शेवटचे आकडे ८१ ते ८४. यातलं एक कंट्रोल युनिटच्या निकालाच्या कप्प्याच्या आतल्या दाराला बसतं, नंबर बाहेरून दिसेल असं. बसवण्याआधी केंद्राध्यक्षाची सही आणि उमेदवारांच्या हजर प्रतिनिधींच्या सह्या. आता पहाटेच्या घाईत ८१ कोपऱ्यात फाटलं. फाटलं तर फाटलं, त्यावर चिकटपट्टी लावून दामटायचं नाही आणि चुरगाळून कोपऱ्यात फेकायचंही नाही. ८२ लावायचं आणि संध्याकाळी १७-सी या मतांच्या हिशेबाच्या नमुन्यात हिशेब द्यायचा: मिळाली चार, वापरलं एक, खराब झालं एक, परत दोन, ८३ आणि ८४. बेरीज चार. फाटलेला तुकडाही परत करायचा आहे. म्हणून पहाटेच एक रिकामं पाकीट काढून त्यावर 'सील: उरलेली, फाटलेली' असं लिहून ठेवावं. नाहीतर रात्री अकरा वाजता शाळेच्या कचऱ्याच्या टोपलीत, खिचडीच्या पत्रावळींखाली, ८१ नंबर शोधणारा केंद्राध्यक्ष गावाला बघायला मिळतो.

कंट्रोल युनिट बंद करायचा क्रम असा: आतलं दार, दोरा, स्पेशल टॅग, लाख, बाहेरचं दार, पत्त्याचा टॅग. मग पट्टी सील. त्यावर अ-ब-क-ड नाही तर ए, बी, सी, डी असे चिकट भाग असतात, प्रत्येकावर मेणकागद. क्रमाने एकेक सोलायचा. उत्साहाच्या भरात चारही एकदम सोलले की सील बोटांना, बोटं यंत्राला आणि यंत्र गुरुजींना चिकटतं. त्याहून मोठा घोळ म्हणजे पट्टी 'क्लोज' बटणाच्या टोपणावरून नेणं. सकाळी काही कळत नाही, मतदान मजेत चालतं. संध्याकाळी सहा वाजता मतदान बंद करायला टोपण उघडायला जावं तर ते सीलखाली गेलेलं. म्हणून पट्टी ओढण्याआधी एकाने बोटाने टोपण दाखवायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "हे मोकळं हाय न जी?"

आता स्वतःच्या सामानाकडे वळू, कारण यादीत ते नसतं. विदर्भातल्या लोकसभेच्या जागांवर २०२४ साली १९ आणि २६ एप्रिलला मतदान झालं. एप्रिल म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. जिल्हा परिषद शाळेत मुक्काम. यंत्रं आपल्या बॅटरीवर चालतात, त्यांना लाइटीशी देणंघेणं नाही. लाइट आपल्याला लागते, आणि ती नेमकी तेव्हा जाते. म्हणून टॉर्च हवा, आणि तो कपाळाला बांधायचा असला तर उत्तम, कारण पाकिटं भरताना दोन्ही हात लागतात. यादीतल्या मेणबत्त्या लाखेसाठी आहेत. त्या रात्री गप्पा मारताना जाळल्या तर उद्या लाख काय दातांनी वितळवणार?

चादर, मच्छर अगरबत्ती, दुपट्टा, लोटा, साबण, बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसांच्या, पाण्याची कॅन. आणि डबा. मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा सलग चालतं, जेवायला सुट्टी नाही, आळीपाळीने एकेकाने उठायचं. उमेदवाराच्या माणसाकडचं ताट, कितीही तर्री असली तरी, घ्यायचं नाही. दशमी दुधात मळलेली असते, म्हणून उन्हात टिकते. झुणका दुपारपर्यंत आंबतो. जवसाची चटणी चालेल, पण तेल न घालता. कारण तेलकट बोटांनी १७-ए या मतदार नोंदवहीची पानं उलटली की सह्यांवर डाग पडतात. मतदाराच्या बोटाला तेल असलं तरी शाई नीट बसत नाही, म्हणूनच यादीत एक फडकं दिलेलं असतं. ते फडकं यंत्र पुसायला आहे असं समजून पहिल्याच तासात धूळ पुसून काळं करणाऱ्यांची जमात मोठी आहे. शाईची बाटली वाळू भरलेल्या डबीत रोवून ठेवायची. वाळू शाळेच्या अंगणात असते, डबी थैलीत. ही डबी विसरली आणि बाटली कलंडली, तर मतदान अधिकारी क्रमांक दोन पुढचा महिनाभर दहा बोटांनी मतदान करून आल्यासारखा फिरतो.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, किमान पन्नास मतं. मग क्लोज, रिझल्ट आणि चाचणीची मतं पुसणारं क्लिअर, ही बटणं. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून, मागे शिक्का मारून, काळ्या लिफाफ्यात. यातलं 'क्लिअर' राहिलं तर संध्याकाळी ते कसं ओळखायचं, हे आकड्यांत सांगतो, कारण थैलीत १७-ए आणि १७-सी दिले आहेत ते यासाठीच.

समजा १७-ए रजिस्टरमध्ये शेवटचा क्रमांक ६१२ आहे. एका आजोबांनी सही केली, मग विचार बदलला. "मले कोनालेच नाई द्याचं," म्हणत बाहेर गेले. शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहून त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा. त्यांच्यासाठी बॅलट बटण आधीच दाबलं गेलं असेल तर ते पुढच्या मतदाराने वापरायचं. आता १७-सी मध्ये: नोंद ६१२, नकार १, म्हणून यंत्रात ६११ हवीत. यंत्र ६११ दाखवतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. यंत्राने ६१२ दाखवली तर नकाराची नोंद चुकीची आहे किंवा रजिस्टरमध्ये एका मतदाराची नोंद राहून गेली आहे. आणि यंत्राने ६६१ दाखवली तर रजिस्टरची पानं पुन्हा मोजत बसू नये. जास्तीची पन्नास सकाळचीच आहेत. क्षेत्रीय अधिकाऱ्याला फोन, दैनंदिनीत खरी नोंद. रजिस्टरमध्ये पन्नास सह्या 'जमवण्याची' कल्पना ज्याला सुचते त्याला चहा देऊन बाहेर बसवावं.

सही घेतल्यावर प्रत्येक प्रतिनिधीला १७-सी ची प्रत द्यायची असते. कार्बन तीनच आहेत, प्रतिनिधी सहा. म्हणून आपल्या घरचे चार कार्बन थैलीत टाकलेले बरे.

मग पाकिटं आणि लाख. पंखा बंद, नाहीतर मेणबत्ती विझते. त्रेचाळीस अंशांत तापलेली खोली, त्यात पंखा बंद, आणि हातात पेटती लाख. या वेळी कुणी कुणाशी बोलत नाही. हिरव्या मोठ्या पाकिटात वैधानिक लहान पाकिटं: मतदार यादीची चिन्हांकित प्रत, १७-ए, मतदार चिठ्ठ्या, प्रदत्त मतपत्रिका वापरलेल्या आणि न वापरलेल्या. ही सगळी लाखबंद. पिवळ्यातली अवैधानिक बहुतेक पाकिटं लाखबंद करावी लागत नाहीत, पण दमलेला माणूस सुरात येऊन तीही करत सुटतो आणि लाखेच्या सहा कांड्या हिरव्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपतात. म्हणून क्रम उलटा नको: हिरवं आधी. थेंब सुतळीच्या गाठीवरच पडला पाहिजे, कागदावर नाही. आणि मोहर ओलसर करून दाबली तर लाखेला चिकटत नाही.

पाचव्या पाकिटात सूचनापुस्तिका, शाईची बाटली, वापरलेला स्टँपपॅड, बाण-फुलीचा शिक्का, शाईची डबी आणि धातूची मोहर जाते. आता मोहर पाकिटात घालून पाकीट बंद केलं की नेमकं तेव्हा कोपऱ्यातून आवाज येतो, "सर जी, हे हिरव्यातलं एक राह्यलं." पाकीट फाडायचं, मोहर काढायची, लाख पुन्हा तापवायची. म्हणून पाचवं पाकीट थैलीच्या सर्वांत वर, तोंड उघडं ठेवून न्यावं. गाडी जमा केंद्रासमोर थांबल्यावर, बाकीची सगळी पाकिटं मोजून झाल्यावर, गळ्यातली मोहर काढून त्यात टाकावी आणि मगच गोंद लावावा. गोंदाची बाटली तेवढी सहाव्या पाकिटात आधीच भरू नये.