काळा ठिपका म्हणजे बुरशी नव्हे: अर्ध्या कोबीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

उरलेला अर्धा कोबी काळा पडला तर त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, यावर मी एक लेख लिहिला होता. त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचून धक्काच बसला. काळा डाग म्हणजे बुरशीच, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. कोबीला तर थर असतात, आत किती पसरलीय ते वरून कळणार कसं? चाळीस रुपयांच्या कोबीसाठी लोकांना आजारी पाडू नका. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतात. दोन मुलांची आई म्हणून सांगते, असलं गावठी ज्ञान आपल्यापुरतं ठेवा."

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. तेव्हाच लिहायला बसले असते तर याहून कडक लिहिलं गेलं असतं, म्हणून सकाळची वाट पाहिली. माझं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगा, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण 'गावठी' हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलात, ते मला लागलं. मी गावचीच आहे. माहेरी कोबी लावायचो, गड्डे काढायला मीही जायचे. पुढे नाशिकला सोळा वर्षं खानावळ चालवली. आठवड्यातून दोनदा कोबी, दर वेळी आठ-दहा गड्डे, आणि प्रत्येक गड्डा माझ्या हाताखालून गेलेला. माझ्या डब्याने कुणाचं पोट बिघडलं अशी एकही तक्रार आली नाही. हे ज्ञान शाळेतलं नाही, मान्य. पण ऐकीव तर नक्कीच नाही.

आता तुमचं 'काळा डाग म्हणजे बुरशीच' हे वाक्य. तुम्ही ते इतक्या ठामपणे लिहिलं आहे की ते वाचून निम्मे लोक चांगला कोबी फेकतील आणि उरलेले खरी बुरशी ओळखायला शिकणारच नाहीत.

कोबीच्या आतल्या पानांवर कधी कधी मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे-करडे ठिपके दिसतात. बाहेरची पानं अगदी स्वच्छ असतात आणि गड्डा मधोमध कापल्यावर आत हे ठिपके निघतात, म्हणून माणूस जास्त दचकतो. ही बुरशी नाही आणि कीडही नाही. पिकाला नत्र जास्त झालं, किंवा गड्डा बरेच दिवस शीतगृहात राहिला, की पानाच्या आतल्या पेशी जागच्या जागी मरतात आणि काळ्या पडतात. काही वाणांत हे जास्त दिसतं. ओल्या कागदाने पुसून बघा, ठिपका निघत नाही, कारण तो पानावर नसून पानात असतो. हात फिरवला तर उंचवटा लागत नाही आणि पान कडक असतं. हा कोबी खुशाल खा.

दुसरा काळेपणा कापलेल्या कडेचा. सुरी फिरली की पेशी फुटतात, त्यांच्या रसाला हवा लागते आणि कड तपकिरी होत जाते. चिरलेलं वांगं पाण्यात का टाकतो? याच कारणासाठी. लोखंडी विळीवर चिरलं तर रंग आणखी गडद येतो. कोरडी, पातळ, सलग तपकिरी कड बोटभर कापून टाकली की खाली पांढरा कोबी असतो.

बुरशी या दोन्हींहून वेगळी दिसते. ती पानाच्या वर उगवते. तिला लव असते, पांढरी, राखाडी किंवा हिरवट, आणि कागदाने पुसली तर कागदाला लागते. याला एक अपवाद आहे, तोही सांगते. बाहेरच्या पानांवर एकात एक वलयं असलेला गोल काळपट डाग दिसला तर तो करपा. तो बुरशीचाच, पण त्याला लव दिसेलच असं नाही. तेवढी पानं काढून टाकायची. म्हणजे काही काळे डाग बुरशीचे असतात, हे मी नाकारत नाही. 'काळा डाग म्हणजे बुरशीच' हे मात्र मी कधीच मान्य करणार नाही.

गेल्याच आठवड्यातलं माझ्या घरचं सांगते. रविवारी अर्धा गड्डा वापरला, उरलेला पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवला. गुरुवारी काढला तेव्हा कापलेली बाजू तपकिरी झाली होती, आत तिसऱ्या-चौथ्या पानावर मिरपुडीसारखे ठिपके होते आणि दांड्याच्या टोकाला रुपयाएवढी राखाडी लव आली होती. पिशवीत पाणी साचलं होतं, तिथेच ती धरली. आधी गड्डा अंगठ्याने दाबून पाहिला. सगळीकडे घट्ट होता. कुठे मऊ लागलं असतं, पान बुळबुळीत झालं असतं किंवा आंबूस पाणी सुटलं असतं, तर मी पुढे काहीच न बघता सगळा टाकला असता, कारण ती जिवाणूंची सड असते आणि ती पानापानांतून धावते. घट्ट होता, म्हणून लवेच्या चारही बाजूंनी आणि खाली एक-एक इंच सोडून तेवढा भाग काढला. सुरी लवेतून जाऊ दिली नाही. तशी गेली तर बुरशी आपणच स्वच्छ भागात नेतो. तो तुकडा पिशवीत बांधून कचऱ्यात टाकला, सुरी आणि पाट साबणाने धुतले, मग कड काढली आणि पान न् पान सुटं करून पाहिलं. ठिपक्यांची पानं ठेवली. भाजी केली, कोशिंबीर केली नाही.

थरांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. थर सुटे होतात, ते सुटे करून बघायचे. लव एका जागी नसून दोन-तीन ठिकाणी असेल किंवा पानांच्या मध्ये सापडली, तर गड्डा टाकायचा. एका इंचाचा हिशेब कोबी, गाजर, ढोबळी मिरची अशा घट्ट भाज्यांपुरताच आहे. काकडी, टोमॅटो यांसारख्या पाणीदार, मऊ भाज्यांवर लव दिसली की त्या सरळ टाका, कारण त्यांत बुरशीचे धागे न दिसता खोल जातात. आणि शिजवल्याने बुरशी मरते, पण काही बुरशा जे विष सोडतात ते चुलीवर जात नाही. म्हणून 'चांगलं उकळून घेऊ' हा उपाय मी कुठेही सांगितलेला नाही.

मुलं आणि म्हातारी माणसं यांच्याबद्दल मूळ लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं आहे. लहान मूल, गरोदर बाई, ज्यांची प्रतिकारशक्ती आजारामुळे किंवा औषधांमुळे कमी झाली आहे ते, आणि वयाने थकलेली माणसं, यांच्या ताटात बुरशी लागलेल्या गड्ड्यातलं काहीही वाढू नका. तिथपर्यंत वाचलं असतंत तर हा आरोप माझ्यावर केला नसतात. चाळीस रुपयांबद्दल मी बोलत नाही. ज्यांना ते किरकोळ वाटतात त्यांनी टाकावा. माझ्या डब्याच्या धंद्यात ते किरकोळ नव्हते.

एक चूक मात्र माझी आहे. तुम्ही ती दाखवली नाहीत, पण तुमच्यामुळे लेख पुन्हा वाचला तेव्हा सापडली. 'संशय आला तर नाकाजवळ नेऊन वास घ्या' असं मी लिहिलं होतं. लव दिसत असेल तर ती हुंगायची नसते. बुरशीचे बीजाणू श्वासातून आत जातात, दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्याचा त्रास होतो. ती ओळ आज सकाळी काढली आणि तिच्या जागी ओल्या कागदाची परीक्षा लिहिली.