कॉमा उडवाल तर चूक कुठे झाली ते कळणारच नाही

"बिलाच्या फोटोतून रकमा एक्सेलमध्ये घेताय? आधी सगळे कॉमा उडवा. ते फक्त दिसण्यापुरते असतात, रक्कम काही बदलत नाही. मग Ctrl+Shift+1 दाबा, लाख-कोटी आपोआप येतात. नाहीच आले तर सेल टेक्स्ट करून आहे तसं चिकटवा. काम झालं!"

कॉमा दिसण्यापुरते असतात, हे

हाताने टाइप करत असाल तर खरं आहे. फोटोतून घेताना मात्र नाही. मी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. सूत व्यापाऱ्याकडून खातेउतारा येतो तो डॉट मॅट्रिक्सवर छापलेला, चार घड्या घातलेला, आणि त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. फिकट रिबनीवर टिंब कुठलं आणि कॉमा कुठला, हे माझ्या डोळ्यांना कळत नाही, तर फोटोतले आकडे वाचणाऱ्या ओसीआरला काय कळणार?

एका पानावरच्या पाच रकमा अशा होत्या: 1,84,500.00, मग 3,48,750.00, मग 92,640.00, मग 12,06,375.00 आणि शेवटी 47,250.00. त्यातल्या तीन नीट वाचल्या गेल्या. दुसऱ्या रकमेत पैशांआधीच्या टिंबाचा कॉमा झाला आणि ती `3,48,750,00` अशी आली. चौथीवरून नेमकी घडी गेली होती. तिच्यातला 3 गळला आणि उरलं `12,06,75.00`.

आता कॉमा उडवून बघा. दुसरी रक्कम होते 34875000, म्हणजे साडेतीन लाखांच्या बिलाचे साडेतीन कोटी. ही निदान डोळ्यात तरी खुपते. चौथी जास्त घातक आहे. ती होते 120675, म्हणजे एक लाख वीस हजार सहाशे पंचाहत्तर. सुताच्या बिलाला शोभेल अशीच रक्कम, कोणाला शंका यायचं कारणच नाही. बारा लाखांचे सव्वा लाखही राहिले नाहीत आणि कागदावर सगळं आलबेल!

कॉमा ठेवले असते तर दोन्ही चुका तिथल्या तिथे सापडल्या असत्या. आपल्या पद्धतीत टिंबाच्या आधीचा शेवटचा गट तीन आकड्यांचा आणि त्याच्या डावीकडचे गट दोन-दोनचे. फक्त अगदी डावीकडच्या गटात एक आकडाही चालतो. `12,06,75.00` मध्ये शेवटचा गट दोनचा आहे, म्हणजे इथे काहीतरी बिघडलंय. `3,48,750,00` चंही तेच. हा ताळा छापणाऱ्याने फुकटात दिलेला असतो आणि आपण तो पहिल्याच पायरीला पुसून टाकतो.

मी काय करतो ते सांगतो. B स्तंभाचं फॉरमॅट आधी Text करायचं आणि मगच फोटोतल्या रकमा तिथे चिकटवायच्या. हा क्रम चुकवू नका, नाहीतर एक्सेल आपल्या मनाने त्याचा आकडा करून टाकतं आणि मूळचे कॉमा गेले ते गेलेच. C स्तंभात आकडा काढायचा:

```
=VALUE(SUBSTITUTE(B2,",",""))
```

आणि D मध्ये तोच आकडा पुन्हा लाख-कोटीत लिहून मूळाशी ताडून बघायचा:

```
=TEXT(C2,"[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00")=TRIM(B2)
```

120675 परत लिहिला की होतो `1,20,675.00`. मूळ होतं `12,06,75.00`. जुळत नाही, D मध्ये FALSE. फक्त FALSE आलेल्या ओळी फोटो मोठा करून बघायच्या. शून्याच्या जागी इंग्रजी O आला असेल तर C मध्येच #VALUE! येतं, तेही बरंच. कोणी `NUMBERVALUE` सुचवेल, पण ते टिंबाआधीचे सगळे कॉमा, कुठेही असले तरी, निमूट गिळतं. `3,48,750,00` चे साडेतीन कोटी तेही बिनतक्रार करून देईल.

या ताळ्यालाही मर्यादा आहेत. 3 चा 8 झाला तर कॉमा काही बोलणार नाहीत. फोटोची डावी कड कापली जाऊन 12,06,375 चे 2,06,375 झाले, तरी मांडणी शुद्धच राहते. त्यासाठी पानाखालची छापील बेरीज लागते. आमच्या पानाची होती 18,79,515.00. मग नुसत्या बेरजेवर का भागत नाही? एक तर ती चूक आहे एवढंच सांगते, कुठल्या ओळीत ते सांगत नाही. दुसरं, खातेउताऱ्याच्या मधल्या पानांवर बऱ्याचदा ती नसतेच.

आणि एक. निर्यातीच्या टॉवेलचं बिल असेल तर त्यावर 1,206,375 अशी तीन-तीनची मांडणी असू शकते. तिथे वरचं सूत्र उगाच FALSE देत बसेल. कागद कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी एखादी लाखावरची रक्कम बघून ठरवा. लाखाखाली दोन्ही पद्धती सारख्याच दिसतात.

Ctrl+Shift+1 बद्दल

तुमच्या कॉम्प्युटरवर येत असतील लाख-कोटी. त्या बटणांनी लागतं ते साधं `#,##0.00` छापाचं फॉरमॅट, आणि त्यातला कॉमा कुठे पडायचा हे ठरवतं विंडोज. Control Panel मध्ये Region, तिथे Additional settings, आणि त्यात Digit grouping. तिथे 12,34,56,789 निवडलेलं असेल तर 12,06,375.00 दिसेल, 123,456,789 असेल तर 1,206,375.00. ही निवड त्या मशीनची असते, फाइलबरोबर जात नाही. आमच्याकडे नीट दिसणारी फाइल सीएंच्या ऑफिसात उघडली की मिलियनमध्ये दिसायची आणि फोन यायचा, "अहो, हे बारा लाख की एक लाख वीस?"

मांडणी फाइलमध्येच बसवायची तर C स्तंभ निवडून Ctrl+1, Custom, आणि Type मध्ये हे:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00
```

इथे कॉमा आपण स्वतः ठोकून बसवलेत, त्यामुळे मशीन कुठलंही असो, लाखाच्या जागी लाखच. पण उणे रकमा तिसऱ्या तुकड्यात पडतात आणि मशीनच्या मर्जीवर जातात. म्हणून मी नावे आणि जमा वेगळ्या स्तंभांत ठेवतो, उणे चिन्ह येऊच देत नाही. शंभर कोटींच्या पुढे पहिला गट तीन आकड्यांचा होतो. आमच्या कारखान्याला अजून तरी ती अडचण नाही.

सेल टेक्स्ट करण्याबद्दल

दिसेल छान, पण `SUM` टेक्स्टच्या सेल मोजतच नाही, आणि तसं सांगतही नाही. पाचपैकी चौथी ओळ टेक्स्ट राहिली तर बेरीज 6,73,140 येईल, बारा लाख गायब. रकमा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेल्या दिसल्या की ओळखायचं. टेक्स्टची जागा B स्तंभात, बेरीज C ची करायची. B लपवा हवा तर, पण पुसू नका. महिन्याने व्यापारी "ही रक्कम आमची नाही" म्हणाला, तर फोटोतून नेमकं काय आलं होतं ते तिथेच सापडतं.