राफ्टची लॅब, चौदा दिवस, आणि मंद्याचा सुटसुटीत प्लॅन

काल कट्ट्यावर आमचं जे वाजलं ते इथे टाकतोय, कारण अजून बरेच जण याच लॅबमध्ये अडकलेत. लॅब म्हणजे एमआयटीच्या डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सच्या कोर्समधली राफ्टची, तीच जी आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. राफ्ट म्हणजे बऱ्याच सर्व्हरनी एक लीडर निवडून सगळ्यांकडे एकच लॉग, म्हणजे आदेशांची क्रमवार यादी, ठेवायची पद्धत. चार भाग आहेत : 3A म्हणजे लीडर निवडणे, 3B म्हणजे लॉग सगळ्यांकडे पोचवणे, 3C म्हणजे क्रॅश झाल्यावर जे आठवलं पाहिजे ते सेव्ह करणे, आणि 3D म्हणजे स्नॅपशॉट घेऊन लॉग छाटणे. आम्हाला सगळं मिळून दोन आठवडे दिलेत.

मंद्याने प्लॅन आधीच करून आणला होता. पहिल्या आठवड्यात 3A आणि 3B, दुसऱ्यात 3C आणि 3D, शेवटचे दोन दिवस टेस्टिंग. त्यातही 3C ला त्याने अर्धा दिवस ठेवलेला. का, तर कोड किती आहे त्यात, currentTerm, votedFor आणि log या तीन गोष्टी एन्कोड करून सेव्ह करायच्या आणि परत वाचायच्या, वीस-पंचवीस ओळी फार तर.

सईने ही लॅब मागच्या वर्षी केलीये. ती म्हणाली, "ओळी मोजून दिवस वाटतोयस का तू? 3C चा कोड वीस ओळींचा आहे हे खरं, पण 3C च्या टेस्ट नुसता तो कोड तपासत नाहीत रे, त्या तुझं 3A आणि 3B पण तपासतात."

मंद्या : "3B च्या टेस्ट पास झाल्या म्हणजे 3B झालं ना?"

"नाही झालं. 3B मध्ये नेटवर्क सरळ आहे, मेसेज एक तर जातो नाहीतर सर्व्हर तोडलेला असतो. 3C मध्ये नेटवर्कच बेभरवशाचं करतात, मेसेज गळतात, उशिरा येतात, उलटसुलट क्रमाने येतात, आणि त्यात सर्व्हर मधेच पाडून परत उठवतात. `TestFigure8Unreliable3C` नावाची टेस्ट आहे ना, त्यात तर काही उत्तरं मुद्दाम दोनेक सेकंदांपर्यंत अडवून ठेवतात. तोपर्यंत तुझा लीडर बदललेला असतो."

अव्या म्हणाला उदाहरण दे, नुसतं घाबरवू नकोस. तर सईने वहीत एक ओळ लिहिली. फॉलोअरला लीडरकडून एंट्री आल्या की जवळजवळ प्रत्येकजण पहिल्यांदा हेच लिहितो :

```go
rf.log = append(rf.log[:args.PrevLogIndex+1], args.Entries...)
```

बघायला बरोबर वाटतं. जिथून सांगितलंय तिथून पुढचं कापा आणि नवीन चिकटवा. आता समजा तीन सर्व्हर आहेत, लीडरने आधी एंट्री 5 पाठवली, लगेच मागोमाग 5 आणि 6 एकत्र पाठवल्या, आणि दुसरा मेसेज आधी पोचला. फॉलोअर म्हणाला मिळालं, 6 पर्यंत आहे माझ्याकडे. लीडर धरून दोघांकडे 6 आहे म्हणजे बहुमत झालं, लीडरने 6 कमिट करून वर पाठवून पण दिली. आणि मग तो जुना मेसेज रेंगाळत आला, ज्यात फक्त 5 आहे. वरची ओळ चालली, 6 कापली गेली. म्हणजे जी एंट्री आहे असं फॉलोअरने सांगून टाकलं होतं तीच त्याच्याकडे नाही.

"मग हे 3B मध्ये का नाही सापडत?" अव्या.

याचं उत्तर मला फार आवडलं. सई म्हणाली कारण ती जखम आपोआप भरते. पुढच्या हार्टबीटला, म्हणजे लीडर ठरावीक वेळाने सगळ्यांना पाठवतो त्या मेसेजमध्ये, लीडर विचारतो 6 आहे ना, फॉलोअर म्हणतो नाही, लीडर मागे जातो, परत 6 पाठवतो, संपलं. हार्टबीट सेकंदाला दहाच्या आत ठेवायला सांगितलंय, म्हणजे साधारण शंभरेक मिलिसेकंदांची फट. नेमका त्या फटीत लीडर मेला आणि 6 नसलेल्या दोघांनी मिळून नवीन लीडर निवडला, की मग सहाव्या जागी दुसरीच एंट्री बसते आणि टेस्टर ओरडतो, `apply error`, एकाच इंडेक्सला दोन सर्व्हरची दोन वेगळी मूल्यं. किंवा फॉलोअरने commitIndex 6 करून ठेवलेला असतो आणि लॉग पाचवरच संपतो, मग `index out of range`. दोन्ही वेळेला तू 3C चा सेव्ह करायचा कोड उकरत बसतोस, आणि चूक आहे आठवड्यापूर्वी लिहिलेल्या ओळीत. (उपाय साधा आहे, आलेली एंट्री आणि आपल्याकडची एंट्री यांच्या टर्ममध्ये, म्हणजे ती कितव्या निवडणुकीच्या लीडरची आहे त्या नंबरात, खरंच फरक असेल तरच तिथून कापायचं, नाहीतर हात लावायचा नाही. राफ्टच्या मूळ पेपरच्या फिगर 2 मध्ये हे लिहिलेलं आहे, आपण "if an existing entry conflicts" मधला if वाचतच नाही.)

मंद्या थोडा नरमला पण हटला नाही. "ठीक आहे, 3C ला एक दिवस देतो. टेस्टिंगचे दोन दिवस आहेतच की शेवटी."

इथे खरा वाद सुरू झाला. सईचं म्हणणं टेस्टिंगचे दिवस शेवटी ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच, कारण शेवटी ते दिवस कोडिंग खाऊन टाकतं. आणि दुसरं, टेस्टिंगचा दिवस म्हणजे काय हेच मंद्याला माहीत नाहीये. मंद्या म्हणाला टेस्ट चालवायच्या, पास झाल्या की पुढे. किती वेळा? तर म्हणे दहा वेळा तरी.

मी तिथल्या तिथे फोनवर हिशोब केला. समजा बग शंभरात दोनदा दिसतो. दहा वेळा चालवलं तर तो एकदाही न दिसण्याची शक्यता 0.98 चा दहावा घात, म्हणजे 82 टक्के! पन्नास वेळा चालवलं तरी 36 टक्के. दीडशे वेळा चालवलं की 5 टक्क्यांच्या खाली येतं. म्हणजे दहा वेळा पास झालं हे ऐकून खूश व्हायचं काही कारणच नाही, बग असला तरी तो आपल्याला न दिसण्याचीच शक्यता जास्त.

"दीडशे वेळा?? अरे मग झोपायचं कधी?" अव्या.

"झोपायचं तेव्हाच तर चालवायचं," सई म्हणाली. 3C च्या टेस्टना एका वेळी दोन-अडीच मिनिटं धर, दीडशे वेळा म्हणजे सहा तासांच्या आसपास. रात्री लावून द्यायचं, सकाळी उठून जेवढे लॉग उरलेत तेवढे वाचायचे. म्हणून टेस्टिंगचा दिवस आदल्या रात्री सुरू होतो, आणि आदल्या रात्री चालवण्यालायक काहीतरी हातात पाहिजे. तिची स्क्रिप्ट ही :

```bash
go test -race -c -o rafttest
seq 150 | xargs -P 4 -I{} sh -c \
 './rafttest -test.run 3C -test.timeout 10m > log.{} 2>&1 && rm log.{}'
```

पास झालेल्याचा लॉग लगेच उडतो, फेल झालेल्याचाच उरतो. चार एकदम चालतात म्हणून सहा तासांचे दोनच्या आत येतात, कारण टेस्ट बहुतेक वेळ नुसत्या थांबून असतात. मंद्या लगेच म्हणाला मग चाळीस चालव की. तसं करायचं नाही. सीपीयू पुरला नाही की हार्टबीट वेळेवर जात नाही, विनाकारण निवडणुका होत राहतात आणि टेस्ट खोट्या फेल होतात. लॉगमध्ये कोणी पडलं नाही, नेटवर्क तुटलं नाही, तरी टर्म भराभर चढतोय असं दिसलं की आधी तीच टेस्ट एकटी चालवून बघायची.

अजून एक नियम तिने घातला जो मंद्याला जाचक वाटला. टेस्टिंगच्या दिवशी नवीन फीचर लिहायचं नाही, आणि एक बग फिक्स केला की मोजणी परत शून्यापासून, मागचे भाग धरून. 3C साठी काही बदललं तर 3A आणि 3B पण परत. मंद्या म्हणाला असं केलं तर कधीच संपणार नाही. सई म्हणाली म्हणूनच 3C ला दोन दिवस दे, एका रात्रीत सापडेल, दुसऱ्या रात्रीत खात्री होईल.

शेवटी वहीत जे उतरलं ते असं. पहिला दिवस पेपर आणि फिगर 2, कोड नाही. दुसरा-तिसरा 3A, तिसऱ्या रात्री 3A लूपवर. चौथा ते सहावा 3B, सहाव्या रात्री 3A आणि 3B दोन्ही, सातवा दिवस टेस्टिंग. पहिल्या आठवड्याचा माइलस्टोन म्हणजे "3B लिहून झालं" नाही, तर "3B रात्रभर चाललं आणि सकाळी एकही लॉग उरला नाही". आठव्याला 3C चा कोड, जो खरंच अर्ध्या दिवसाचा आहे (मंद्या इथे बराच वेळ हसत होता). नववा-दहावा टेस्टिंग. अकरावा-बारावा 3D. तेराव्याला सगळं एकत्र, race लावून पूर्ण संच एकदा चालायला दहाएक मिनिटं लागतात, म्हणून बाराव्या रात्रीच लावायचं. चौदावा रिकामा.

3D वरून मात्र शेवटपर्यंत पटलं नाही. स्नॅपशॉट आला की लॉगचा सुरुवातीचा जुना भाग छाटला जातो, म्हणजे `rf.log[i]` मधला i आता खरा इंडेक्स राहत नाही, जिथे जिथे लॉगला हात लावलाय तिथे lastIncludedIndex वजा करावा लागतो, आणि एखादी जागा राहतेच. सईचं म्हणणं 3B लिहितानाच लॉगसाठी छोटी फंक्शन्स करा, एंट्री द्या, शेवटचा इंडेक्स द्या, इथून पुढचं कापा, आणि बाकी कोडने थेट लॉगला शिवायचं नाही. मग 3D मध्ये बदल चार-पाच ठिकाणीच. मंद्याचं म्हणणं 3B मध्ये डोकं आधीच फुटतंय, त्यात न लागणारा थर कशाला, अकराव्या दिवशी शोधून बदलू. मला सईचं पटतं, कारण अकराव्या दिवशी बदललेली प्रत्येक ओळ म्हणजे दहा दिवस तपासलेला कोड परत कच्चा करणं. पण मंद्या म्हणाला तो त्याच्या पद्धतीने करणार.

आणि अव्याचा प्रश्न, दहाव्या दिवशी 3C फेलच होत असेल तर? यावर मात्र दोघं एकमत. 3D ला हात लावायचा नाही. बिघडलेल्या 3C वर 3D चढवलं की फेल कुठलं हे ओळखणंच अवघड होतं, आणि 3D च्या टेस्टमध्ये पण क्रॅश आणि बेभरवशाचं नेटवर्क आहेच. 3C साफ झाल्यावर `git tag 3c-clean` मारून ठेवायचा, बाराव्या रात्रीपर्यंत 3D उभं राहिलं नाही तर तो टॅग सबमिट करायचा. मंद्याने टॅगचं नाव तेवढं वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं.