फ्लॅग कशाला, git revert आहे ना!

तुमच्या पुल रिक्वेस्टखाली आमच्याकडे कोड तपासणाऱ्या ताईंची कॉमेंट येणारच, "हा बदल फ्लॅगमागे आहे का? आणि बिघडलं तर मागे कसं यायचं?" फ्लॅग म्हणजे पुन्हा डिप्लॉय न करता बदल चालू-बंद करायचं बटण. घाबरू नका. त्यांना तुमच्याबद्दल राग नाही, त्यांना सवय आहे. इंदूरच्या आमच्या ऑफिसात गेली कैक वर्षं हे दोन प्रश्न विचारले जातात आणि गेली कैक वर्षं मी ते टोलवत आलोय. त्या अनुभवातूनच हा सल्ला देतोय.

पहिलं म्हणजे, वर्णनात रोलबॅकचा रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना डोळ्यांत भरतो, भरलेला कोणी वाचत नाही. मी कायम एवढंच लिहितो:

```
Risk: Low
Rollback: git revert
```

याची खुबी अशी की यात खोटं काहीच नाही. `git revert` कोड मागे नेतोच. तो डेटा मागे नेत नाही, पण तसं कुणी विचारलंय का?

आता उदाहरण घ्या. आमच्याकडे एका नमकीनवाल्या काकांचं ऑर्डरचं काम आहे. ऑर्डरची रक्कम `amount` या कॉलममध्ये रुपयांत होती, ती पैशांत ठेवायची होती. पूर्णांक असला की दशांशाची कटकट नाही. विचार चांगलाच होता. मी एक छोटीशी मायग्रेशन लिहिली:

```
UPDATE orders SET amount = amount * 100;
```

आणि त्याच पुल रिक्वेस्टमध्ये दाखवताना शंभराने भागणारा, लिहिताना शंभराने गुणणारा कोड. सुटसुटीत काम. ताई म्हणाल्या, "नवा कॉलम काढ, `amount_paise`. आधी दोन्हीकडे लिही. जुन्या नोंदी हळूहळू भर. मग कुठला कॉलम वाचायचा ते फ्लॅगवर ठेव. जुना कॉलम दोन आठवड्यांनी, वेगळ्या पुल रिक्वेस्टने काढ." एका ओळीच्या मायग्रेशनसाठी चार पुल रिक्वेस्ट! तुम्हीच सांगा, एवढ्या फेऱ्यांत माणूस म्हातारा होईल. मी उत्तर दिलं, "ताई, लहानसा बदल आहे, आणि काकांना आजच हवाय." दुसरा भाग धादांत खोटा होता, काकांना पैसे म्हणजे काय ते कळतं, पूर्णांक म्हणजे काय ते नाही. पण "ग्राहकाला आजच हवंय" या वाक्यापुढे भलेभले रिव्ह्यू मंजूर होतात, हे लक्षात ठेवा.

वेळ अर्थात शुक्रवार संध्याकाळची निवडा. साडेसहाला मायग्रेशन चालली, मंडळी सराफ्यात जायच्या तयारीत. आमचे सर्व्हर चार, आणि नवा कोड एकेकावर जातो. त्याला सहा मिनिटं लागली. या सहा मिनिटांत डेटाबेस पैशांत गेलेला, आणि निम्मे सर्व्हर अजून रुपयांतच. जुन्या सर्व्हरवर ज्याचं पान उघडलं त्याला दीडशे रुपयांची शेव पंधरा हजाराला दिसली. त्याच सर्व्हरवर ज्याने ऑर्डर दिली, त्याची नोंद 150 अशी पडली, ती नवा कोड दीड रुपया म्हणून वाचणार. काकांचा फोन आला, "अरे भिया, दीड रुपयात शेव कोण विकतंय?"

इथे तुमचा रोलबॅक प्लॅन उपयोगी पडतो. मी तत्काळ `git revert` केलं. बिल्ड झाला, चारही सर्व्हर पुन्हा एकेक करून फिरले, वीसेक मिनिटं गेली. जुना कोड परत आला आणि जवळजवळ सगळ्याच ऑर्डरी शंभरपट दिसू लागल्या, कारण त्यांच्या नोंदी अजून पैशांतच होत्या. मग उलटी मायग्रेशन, `amount / 100`. ती चालवल्यावर बहुतेक नोंदी जागेवर आल्या. ज्या जुन्या सर्व्हरने मुळातच रुपयांत लिहिल्या होत्या, त्या मात्र आता खरोखर दीड रुपयाच्या झाल्या.

त्या नोंदी कशा ओळखायच्या? रकमेवरून? कुणी पाव किलो घेतो तर कुणी लग्नासाठी पंधरा हजारांचं नमकीन, आकड्यावर काही छापलेलं नसतं. वेळेवरून? त्याच मिनिटांत नवे सर्व्हरही लिहीत होते. कुठल्या सर्व्हरने लिहिलं ते नोंदीत नाही. ताईंच्या पद्धतीत जुना कॉलम शेवटपर्यंत तसाच राहिला असता आणि फ्लॅग बंद केला की अर्ध्या मिनिटात सगळे सर्व्हर तोच वाचू लागले असते, ना बिल्ड ना डिप्लॉय. पण मग सराफ्यात सांगायला किस्सा काय उरला असता?

फ्लॅगला कायमचा नकार द्यायचा असेल तर तुमच्याकडे एक भारी दाखला हवा. माझा ठरलेला दाखला नाइट कॅपिटलचा आहे. 1 ऑगस्ट 2012, अमेरिकेतली शेअर दलाली कंपनी. 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरांहून जास्त तोटा, आणि मुळाशी काय, तर फ्लॅग! एवढं सांगून थांबा. पुढचं सांगितलं तर ताईंचाच मुद्दा जिंकतो. त्यांनी नव्या कामासाठी जुनाच फ्लॅग वापरला होता. 2003 पासून बंद पडलेला कोड त्या फ्लॅगवर चालायचा, आणि तो काढलेलाच नव्हता. आपल्या सराफ्यात दिवसा सोनं, रात्री त्याच ओट्यावर भुट्ट्याचा कीस असतो ना, तसंच. फक्त आठपैकी एका ओट्यावर सोनार बसलेलाच राहिला. एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नाही, फ्लॅग चालू झाला आणि तिथे जुना राक्षस उठला.

त्यांचा रोलबॅक तर माझ्याहून सरस. घाबरून त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला, फ्लॅग मात्र चालूच ठेवला. आता आठही सर्व्हर जुना कोड पळवू लागले. म्हणून तर ताई विचारतात की फ्लॅगचं नाव नवं आहे का, मागे येताना आधी फ्लॅग बंद करायचा की आधी कोड काढायचा, आणि फ्लॅगची सर्व्हिसच पडली तर कोड कुठल्या बाजूला जाईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "जुन्या बाजूला" असावं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही मात्र "विचार करतो" म्हणा.

तरीही फ्लॅग लावायचीच वेळ आली तर निदान अर्धाच लावा. वाचण्यावर लावा, लिहिण्यावर नको. फ्लॅग बंद करूनही नवा कोड नव्याच पद्धतीने लिहीत राहील आणि जुनं वाचणाऱ्याला ते दिसणार नाही. चाचण्या फ्लॅग चालू ठेवूनच करा. बंद बाजू कधी मोडली ते कळतं, पण नेमकं ज्या रात्री ती लागते त्या रात्री. आणि फ्लॅग काढायची तारीख लिहू नका, म्हणजे दहा वर्षांनी तुमच्याही ओट्यावर कुणीतरी सोनार सापडेल.

आमच्या त्या शेवेचं काय झालं ते राहिलंच. शनिवारी सकाळी मी काकांच्या दुकानात बसलो, समोर पोहे-जिलेबी, मांडीवर लॅपटॉप. काका ऑर्डर पाठवताना प्रत्येक बिल हिरव्या शाईने वहीत उतरवतात, आणि ती वही कुठल्याही सर्व्हरवर नाही. सदतीस ऑर्डरी एकेक करून जुळवल्या. सोमवारी त्या दुरुस्त करणारी पुल रिक्वेस्ट टाकली. ताईंनी खाली लिहिलं, "Rollback?"

मी लिहिलं, "काकांची वही." मंजूर झाली.