'माइन आर' वर लाल रेघ

भाचीची इंग्रजीची वही आज हाती आली आणि डोकंच फिरलं. तिने लिहिलंय, 'युवर शूज आर क्लीन. माइन आर डर्टी.' बाईंनी 'आर' खोडून वर 'इज' केलंय. बाजूला शेरा: 'माइन एकवचनी.'

अहो, माइनला स्वतःचं वचन असतंच कुठे? तो इथे 'माय शूज' या आख्ख्या जोडीच्या जागी उभा आहे. बूट अनेकवचनी, म्हणून आर. बॅगेबद्दल बोलत असती तर 'माइन इज' झालं असतं. मराठीत 'माझे मळलेत' म्हटलं की बूट आणि 'माझी मळलीये' म्हटलं की बॅग, हे शब्दावरूनच कळतं. इंग्रजीत माइन सगळ्यांना एकच, त्यामुळे मागचं वाक्य वाचावं लागतं. पोरीने ते वाचलं होतं. बाईंनी वाचलं नाही.

गठ्ठाभर वह्या तपासताना हात चुकतो, मान्य. पण शेरा चुकून पडत नाही ना!

आणि शिकवतात तरी काय, तर 'माय म्हणजे माझं, माइन म्हणजे पण माझं, पाठ करा.' मग पोरं 'धिस बॅग इज माय' लिहिणारच. आपली 'माझी' दोन्हीकडे चालते, 'ही माझी बॅग' आणि 'ही बॅग माझी'. माय मात्र एकटा राहूच शकत नाही, पुढे नाम हवंच. मध्ये 'ओल्ड' आलं तरी चालेल, पण शेवटी बॅग आलीच पाहिजे. ती नसेल तर माइन. एवढंच सांगायचं होतं हो वर्गात!

आता जरा माझंही ऐका, फार शहाणपणा नको. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी साहेबांना लिहिलं होतं, 'माय वन फ्रेंड टोल्ड मी.' मनात होतं 'माझ्या एका मित्राने सांगितलं'. साहेब हसून म्हणाले, "एकच मित्र आहे का तुम्हाला?" तेव्हा कळलं की 'अ', 'द' ज्या खुर्चीत बसतात तिथेच माय बसतो. 'अ माय फ्रेंड' म्हणून होत नाही. खुर्ची 'अ'ला द्यायची तर माझेपणा मागे सरकतो, 'अ फ्रेंड ऑफ माइन'. मला तरी कुठे कोणी शाळेत सांगितलं होतं? बाईंनाही नसेलच सांगितलं.

तर भाचीला म्हटलं, तुझं बरोबर आहे, 'आर'च. तिने पेन्सिलने बारीक अक्षरात परत लिहिलं आणि विचारलं, "मामा, 'हर बॅग'चं एकटं 'हर्स' होतं ना? मग 'हिज बॅग'चं?"

"नुसतं हिजच."

"म्हणजे मुलांना एक शब्द कमी पाठ करायचा?"