पळसाच्या रंगात चुना नको, तो का: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "ताई, तुमची होळीची पोस्ट वाचली. पळसाचा रंग नुसता उकळला तर पिवळट, फिका निघतो. आमच्याकडे भंडाऱ्यात आजोबांपासून त्यात चुना टाकतात, तेव्हा कुठे लालसर केशरी रंग येतो. चुना आम्ही पानात, खर्ऱ्यात रोज खातो आणि तुम्ही त्यालाच विषासारखे वागवता. नैसर्गिक म्हणायचे आणि भीतीही घालायची, हे पटले नाही."

काका, नमस्कार. रंगाबद्दलचे तुमचे निरीक्षण अचूक आहे. पळसाच्या फुलातील पिवळे द्रव्य क्षारात गडद केशरी होते, त्यामुळे आजोबांची युक्ती रंगासाठी खरोखरच उत्तम होती. माझा आक्षेप फक्त त्या पाण्याने पिचकारी भरण्याला आहे.

चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. एका लिटरमध्ये जेमतेम दीड ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत पंधरा-सोळा ग्रॅम. होळीच्या उत्साहात तराजू घेऊन कोण बसते? मूठभर भिजवलेला चुना पडतो, जास्तीचा तळाशी गाळ होऊन बसतो आणि बादली रिकामी होत आली की पोरांच्या पिचकाऱ्या नेमका तोच गाळ ओढतात. वरचे स्वच्छ दिसणारे पाणीही सौम्य नसते, कारण थोड्याशा चुन्यानेही पाणी चांगलेच क्षारीय होते. पानातला चुना अगदी थोडा असतो, तो काताबरोबर आणि लाळेत मिसळतो, आणि तरीही जास्त झाला की जीभ भाजतेच. डोळ्याचा पृष्ठभाग तर जिभेहून कितीतरी नाजूक.

आम्ल डोळ्यात गेले तर वरच्या थरातील प्रथिने गोठतात आणि तो गोठलेला थरच त्याला काही प्रमाणात अडवतो. क्षार मात्र पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ विरघळवत आत उतरत जातो, आणि चुन्याचा कण वरच्या पापणीखाली अडकला तर तो तिथेच बसून भाजत राहतो. खर्ऱ्यासाठी मिळणारी चुन्याची पुडी दाबताना फुटून मुलांच्या डोळ्यांना जी इजा होते, ती याच प्रकारची.

असे झालेच तर डोळा चोळू न देता, दवाखान्याकडे धावण्याआधी, तिथल्या तिथे पिण्याच्या पाण्याने धुवायला सुरुवात करावी. मान त्याच बाजूला कलती करावी, म्हणजे वाहणारे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात आणि नाकाकडून बाहेरच्या बाजूला किमान वीस मिनिटे संथ धार सोडावी. मधेच पापणी उचलून पाहावी आणि पांढरा कण दिसला तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद टिपावा. दूध, तूप, मध, लिंबू यांपैकी काहीही घालू नये. आग थांबली तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग लाल होण्याऐवजी फिकट, निर्जीव दिसू लागला, तर ते बरे झाल्याचे नव्हे, रक्तपुरवठा तुटल्याचे लक्षण असू शकते.

आता तुमचा खरा प्रश्न, गडद रंगाचा. चुना टाकण्यापेक्षा फुले वाढवावीत. एक किलो ताज्या फुलांना चार लिटर पाणी पुरे. देठाकडची काळपट मखमली टोपी काढावी, कारण तिची लव डोळ्यात खुपते, आणि फुले झटकून घ्यावीत, कारण मधासाठी आलेल्या मुंग्या हमखास निघतात. लोखंडी कढईत रंग काळवंडतो, म्हणून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे उकळून, रात्रभर तसेच ठेवून, सकाळी फडक्यातून दोनदा गाळावे. मिळणारा रंग चुन्याच्या रंगाएवढा लाल नसेल हे मान्य, पण पांढऱ्या सदऱ्यावर तो झकास सोनेरी केशरी दिसतो. फाल्गुनातल्या उन्हात हे पाणी लवकर आंबते, त्यामुळे आदल्या रात्रीच करावे.

शेजारच्या वाड्यातून आलेल्या रंगाची खात्री नसेल तर पांढऱ्या कापडाला ओली हळद चोळून वाळवावी आणि त्यावर त्या रंगाचा थेंब टाकावा. हळद तांबडी झाली, तर त्यात चुना किंवा सोडा आहे असे समजून तो पिचकारीत भरू नये.

अंगाला खेळण्याआधी खोबरेल तेल लावावे, म्हणजे रंग त्वचेला घट्ट धरत नाही, मात्र ते पापण्यांच्या कडांपासून दूर ठेवावे. आणि हो, हळदीने माखलेले तोंड साबणाने धुताना लालभडक झाले तर घरच्यांनी घाबरू नये. साबणही क्षारीय असतो, त्यामुळे तिथे हळदीचाच रंग बदलतो, कातडी भाजलेली नसते, आणि भरपूर साध्या पाण्याने धुतले की हळद पुन्हा पिवळी होते.