पुसले, पण मिटले नाही

दीड तासाच्या बैठकीतून बाहेर पडताच मी शेजारच्या टेबलावरील मैत्रिणीला मायक्रोसॉफ्ट टीम्सवर लिहिले, "या बैठकीचा सारांश एका वाक्यात मावतो आणि तेही वाक्य अनावश्यक आहे." संदेश मात्र गेला तो साहेबांसह संपूर्ण विभाग असलेल्या गटात.

भांबावलेल्या माणसाला जे सुचते ते मी केले, म्हणजे आधी 'अनावश्यक'चे 'अत्यावश्यक' केले. त्याबरोबर संदेशाशेजारी 'Edited' हा शब्द उमटला आणि माझी दुरुस्ती मूळ वाक्यापेक्षा अधिक संशयास्पद दिसू लागली. तेव्हा मी तो संदेश पुसूनच टाकला. पडद्यावर तो नाहीसा झाला, तरी मनाचे समाधान होईना, म्हणून आयटी विभागातील मॅडमना टीम्सवरच विचारले, "पुसलेला संदेश कायमचा नाहीसा झाला, हे कसे ओळखावे?"

उत्तर आले, "इकडे टेबलाशी या."

त्यांनी शांतपणे सांगितले, की आपल्या कंपनीच्या धोरणानुसार गप्पांमधले संदेश तीन वर्षे जपले जातात, आणि जपण्याचा नियम व पुसण्याची इच्छा यांत भांडण झाले तर नियमच जिंकतो. मी पुसले ते केवळ पडद्यावरून. पुसलेला संदेश 21 दिवसांनंतर माझ्याच मेलबॉक्समधील 'SubstrateHolds' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. तो फोल्डर मला दिसणार नाही, पण चौकशीसाठी अधिकार दिलेली माणसे त्यातला मजकूर शोधून काढू शकतात. (मेलबॉक्स माझा, फोल्डर माझा, वाक्यही माझे, फक्त पाहण्याचा अधिकार तेवढा दुसऱ्यांचा.)

"आणि दुरुस्ती केली होती ना तुम्ही?" मॅडमनी विचारले. "संदेश बदलला की बदलण्याआधीच्या मजकुराची प्रतही त्याच फोल्डरमध्ये ठेवली जाते." म्हणजे एका आगाऊ वाक्याचा पुरावा नष्ट करण्याच्या नादात मी आधी काय लिहिले, मग ते कसे गुळगुळीत केले आणि शेवटी ते कसे पुसले, याची सगळी हकीकत क्रमवार जमा करून ठेवली होती. नुसते पुसले असते, तर निदान एकच वाक्य राहिले असते.

"मग तीन वर्षांनी तरी सुटका?" मी केविलवाण्या स्वरात विचारले.

तीही तारखेच्या ठोक्याला नाही. मुदत संपल्यावर साफसफाईचे काम आपोआप चालते, पण ते साधारण एक ते सात दिवसांच्या अंतराने. आणि दरम्यान एखाद्या कायदेशीर प्रकरणासाठी माझ्या मेलबॉक्सवर 'होल्ड' लागला, तर तो उठेपर्यंत काहीच हलत नाही.

मी आभार मानून उठलो, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मघाशी मला तो प्रश्न लिहून विचारलात ना, तोही आता तीन वर्षे राहील. कृपा करून पुसू मात्र नका."